तुम्ही विचारलंत म्हणून: केसचा ब्रीफ

‘निकालपत्र वाचून होतं, पाच-सहा पानं टिपणंही निघतात, पण उजळणीच्या वेळी त्यातलं काहीच हाताला लागत नाही. न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या केसचा ब्रीफ नेमका काढायचा कसा?’

निकालपत्राचा शेवट आधी वाचा. न्यायालयाने प्रत्यक्षात काय आदेश दिला ते कळलं, की आधीची चर्चा कशासाठी चालली होती ते उलगडतं. उलट क्रमाने गेलात तर मधला एखादा भारदस्त परिच्छेदच निर्णय वाटू लागतो. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका ही केसच बघा. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेला हा निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला. ‘जगण्याच्या हक्कात उपजीविका येते’ एवढं पाठ करून ‘म्हणून फुटपाथवासी जिंकले’ असं लिहिणारे भेटतात. ते जिंकले नव्हते.

ब्रीफ एका पानात बसवा. वर केसचं नाव, वर्ष, पीठ; खाली चार चौकटी: वस्तुस्थिती, आव्हानाचा आधार, रेशो म्हणजे निकाल ज्यावर उभा आहे ते तत्त्व, आणि दिलासा.

वस्तुस्थितीला पाच ओळी पुरतात. प्रत्येक ओळीला विचारा: हे वेगळं असतं तर न्यायालयाला वेगळा विचार करावा लागला असता का? 1981 च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथांवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवून मूळ गावी धाडण्याचा सरकारचा निर्णय, हे हवं. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314 आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढू देतं, हे तर हवंच. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क नाही, असं काही याचिकाकर्त्यांनी उच्च न्यायालयात मान्य केलं होतं, हेही ठेवा. कारण ती कबुली आड येत नाही, मूलभूत हक्क असा सोडून देता येत नाही, हे न्यायालयाला आधी ठरवावं लागलं. मुख्यमंत्र्यांचं नाव गाळलंत तरी काही बिघडत नाही.

आधाराच्या चौकटीत खरी गफलत होते. ‘कलम 21 चा भंग’ एवढंच लिहून भागत नाही. हल्ला कायद्यावर होता की कायद्याखालच्या कारवाईवर, ते वेगळं करा आणि प्रत्येकासमोर काय झालं ते लिहा. इथे दोन ओळी होतील. एक, कलम 314 च घटनाबाह्य आहे: फेटाळला. दोन, म्हणणं ऐकून न घेता हटवणं नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे: तत्त्व म्हणून मान्य. कलम का टिकलं, तर न्यायालयाने त्याचा अर्थ सांभाळून लावला: ते आयुक्तांना नोटीस टाळण्याची मुभा देतं, नोटीस देऊच नका असं बजावत नाही.

रेशो एका वाक्यात, आणि त्यात अट व अपवाद दोन्ही हवेत. उदाहरणार्थ: ‘उपजीविका जगण्याच्या हक्कात येते, पण न्याय्य कार्यपद्धतीने ती काढून घेता येते, त्यामुळे कायद्याने नोटिशीविना हटवण्याची मुभा दिली असली तरी म्हणणं ऐकणं हा नियम आणि ते टाळणं हा तातडीपुरता अपवाद.’ नुसतं ‘नैसर्गिक न्याय पाळावा’ लिहिलंत तर ते कुठल्याही केसला चिकटेल, म्हणजे तो रेशो नव्हे. शहरात माणसं का लोटतात, याबद्दलचं निकालातलं विवेचन वाचनीय आहे. ते रेशोबाहेर ठेवा.

दिलाशाच्या चौकटीत दोन रकाने करा: मागितलं काय, मिळालं काय. हटवणं थांबवा आणि कलम रद्द करा, ही मागणी. मिळालं ते असं: 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, हटवायचं नाही, 1976 च्या गणनेत नोंद झालेल्यांना सरकारने कबूल केल्याप्रमाणे पर्यायी जागा, पण हटवण्याआधी ती दिलीच पाहिजे अशी अट नाही, वीस वर्षांहून जुन्या, सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय काढायच्या नाहीत, आणि काढल्या तर पर्यायी जागा द्यायची.

आता तिसरी आणि चौथी चौकट शेजारी ठेवा. सुनावणी हवी म्हणता, मग प्रकरण आयुक्तांकडे सुनावणीला परत का पाठवलं नाही? ‘ऐकूनही काही फरक पडला नसता’ हा युक्तिवाद तर न्यायालयाने नाकारला होता. तरीही, आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्ही इथे भरपूर दिली, असं म्हणून त्याने हटवण्याची कारवाई समर्थनीय ठरवली. ही विसंगती आहे का, यावर मतभेद होऊ शकतो, आणि पेपरात चर्चा करायला सांगतात ती नेमकी इथेच करायची असते. म्हणून या दोन चौकटींमध्ये ‘का?’ लिहून एक ओळ मोकळी ठेवा आणि दिलासा देण्या-नाकारण्याचं न्यायालयाचं कारण तिथे भरा.

उजळणीला दिलाशाची चौकट तेवढी उघडी ठेवा, बाकीच्या झाका. दिलाशावरून रेशो, रेशोवरून आधार असं मागे चालत या. जिथे अडाल त्या मुद्द्याचा परिच्छेद मूळ निकालात पुन्हा वाचा, हेडनोटमध्ये नको. म्हणून ब्रीफ काढतानाच प्रत्येक चौकटीत परिच्छेद क्रमांक टाकून ठेवा.