स्क्रिप्टच्या आधीचे एक पान : आमची वाटचाल

हिंगणघाटच्या बाजारपेठेत आम्ही २००९ साली स्टुडिओ उघडला, तेव्हा आमच्याकडे टेपवर चालणारा एक कॅमेरा, दोन हॅलोजन आणि भाड्याचा एक संगणक होता. लग्ने, वास्तुशांती आणि शाळांची स्नेहसंमेलने यांवर पहिली काही वर्षे निघाली. पुढे कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगवाले, बियाणे विकणारे आणि सहकारी संस्था माहितीपट करून घेऊ लागल्या, आणि त्या कामांमध्ये शिरल्यावर एका पानाअभावी आमचा धंदा बुडता बुडता वाचला, तीच गोष्ट येथे सविस्तर लिहीत आहे.

२०१४ साली जिल्ह्यातील एका संस्थेने आम्हाला दहा मिनिटांची फिल्म सांगितली. बोलणे चहा पिता पिता झाले आणि लिहिले काहीच नाही. उत्साहाच्या भरात मी आठ दिवसांत पूर्ण स्क्रिप्ट लिहून दिली. अध्यक्षांना त्यात संस्थेचा इतिहास हवा होता, सचिवांना यंत्रे हवी होती आणि एका संचालकांना शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी हवे होते. स्क्रिप्टचे सात खर्डे झाले. तीन दिवसांचे धरलेले शूटिंग नऊ दिवस चालले, आणि एडिट पाहिल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हे तर रडकं झालं, आम्हाला उत्साही पाहिजे होतं." कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला होता, हे दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता. त्यांनी काम थांबवले, उरलेले पैसे दिले नाहीत, आणि चार महिन्यांनी माझ्याच स्क्रिप्टच्या क्रमाने, माझीच सुरुवात घेऊन, शहरातील दुसऱ्या एका स्टुडिओने ती फिल्म कमी दरात पूर्ण केली. तिच्या उद्घाटनाचे आमंत्रण मला आले होते. कॅमेऱ्याचे हप्ते थकले, माझ्या भागीदाराने आपल्या वाटणीची एक एकर जमीन गहाण टाकली, आणि ती सोडवेपर्यंत तीन वर्षे गेली. ही बोच अजून गेलेली नाही आणि ती लपवण्याचे मला कारणही दिसत नाही.

वकिलांकडे गेल्यावर समजले की आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण निव्वळ कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ सालच्या एका निकालात हेच सांगितले आहे. माझी स्क्रिप्ट ही मांडणीच होती, पण लढायला पैसा नव्हता. त्या दिवसापासून ठरवले की आगाऊ रक्कम आल्याशिवाय दृश्यांचा क्रम आणि निवेदनाची वाक्ये कोणालाही द्यायची नाहीत. आधी फक्त एक पान द्यायचे, आणि त्यातही कल्पना इतकीच सांगायची की ग्राहकाला फिल्म डोळ्यांसमोर दिसेल, पण दुसऱ्याला ती त्यावरून शूट करता येणार नाही.

असे पहिले पान मी काकाजींसाठी लिहिले. त्यांची जिनिंग-प्रेसिंग आमच्या स्टुडिओपासून चार किलोमीटरवर आहे, आणि आमच्या वाईट दिवसांत काम देत राहिलेले ते एकमेव ग्राहक होत. त्यांना कोइमतूरकडच्या सूतगिरण्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी फिल्म हवी होती. पानाच्या माथ्यावर मी एकच वाक्य लिहिले : "ही फिल्म पाहून खरेदी अधिकाऱ्याची खात्री पटावी की आमच्या गठाणीत प्लास्टिकचा धागा, सुतळी किंवा केस जात नाही." त्याखाली चार ओळींत कल्पना होती : वेचणाऱ्या बाईच्या सुती ओटीपासून १७० किलोच्या बांधलेल्या गठाणीपर्यंत एकाच कापसाचा प्रवास, कलाकार नाहीत, मालकाची स्तुती नाही.

नंतर टोनचे संदर्भ, म्हणजे फिल्मचा सूर कसा असेल ते दाखवणारे नमुन्याचे व्हिडिओ येतात, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. नुसती लिंक पाठवली की ग्राहक त्या व्हिडिओतले सगळेच आपल्याला मिळणार असे धरून चालतो : ड्रोन, नट, मुंबईचे संगीत, सगळे. म्हणून मी तीनच नमुने देतो आणि प्रत्येकासमोर दोन ओळी लिहितो, त्यातून काय घेणार आणि काय घेणार नाही. काकाजींच्या पानावर पहिला नमुना विणकामावरची एक संथ फिल्म होती. तिचा वेग आणि यंत्राचा खरा आवाज घेणार, तिची पंधरा मिनिटांची लांबी घेणार नाही. दुसरा एका दूधसंघाची जाहिरात होता. तिचा सकाळचा प्रकाश घेणार, गाणे घेणार नाही. तिसरा आमचाच जुना व्हिडिओ होता, तो फक्त निवेदकाच्या साध्या बोलण्यासाठी. "भावनिक", "उत्साही", "भव्य" हे शब्द मी पानावर येऊ देत नाही, कारण प्रत्येकाच्या मनातले भव्य वेगळे असते.

काय देणार, तेही मोजून लिहिले होते : चार मिनिटांची एक आडवी फिल्म, मोबाइलसाठी तीस सेकंदांच्या तीन उभ्या फिती, निवेदन मराठी आणि हिंदीत, सगळे पेनड्राइव्हवर. व्याप्तीत दहा तासांचे दोन शूटिंग दिवस, डिसेंबरात जिन चालू असताना. स्क्रिप्टचा एक खर्डा, एडिटच्या दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, आणि दुरुस्त्या एकाच माणसाकडून, एकदाच, लेखी. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे. ड्रोन आणि न वापरलेले फुटेज यांत नाही, हेही त्याच ठळक अक्षरांत. दर मी या पानावर लिहीत नाही, तो वेगळ्या कागदावर देतो, कारण आकडा दिसला की माणूस वरचे वाचत नाही.

काकाजींनी ते पान वजनकाट्याजवळ उभे राहून वाचले. हातावरची रुई कागदाला चिकटली होती. मी उजवीकडे दोन बोटे समास मुद्दाम मोकळा ठेवतो, म्हणजे ग्राहकाला लिहायला जागा राहते. त्यांनी लाल पेनने "मराठी आणि हिंदी" याला गोल केला आणि म्हणाले, "बाबू, हे कोइमतूरच्या माणसाले दाखवाचं हाये. थो हिंदी आयकन का?"

मी गप्प झालो, कारण हा प्रश्न मला सुचायला हवा होता. तमिळ निवेदन करायचे तर तपासणारा माणूस आमच्याकडे नव्हता. शेवटी निवेदनच कमी करून बोलण्याचे काम चित्राकडे दिले आणि पडद्यावर थोडी इंग्रजी ओळपट्टी ठेवली. मराठीत चार मिनिटांना मी सवयीने चारशेवर शब्द लिहिले असते. स्क्रिप्ट एकशे चाळीस शब्दांत संपली. ओट्यावर बसलेल्या बायका कापसातून निळा धागा वेचून काढतात ते दृश्य वीस सेकंद निवेदनाशिवाय राहिले, आणि काकाजींच्या म्हणण्याप्रमाणे गिरणीवाल्यांनी त्याबद्दलच विचारले. हा बदल एका कागदावर दहा मिनिटांत झाला. शूटिंगनंतर झाला असता, तर दोन्ही दिवस पुन्हा करावे लागले असते.

नव्याने या कामात उतरणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पान दुसऱ्या कागदावर गेले की ते कापा. दोन पाने झाली म्हणजे कल्पना अजून तुम्हालाच स्पष्ट झालेली नाही. ग्राहक सही करताना चाचरला, तर त्याला घाई करू नका, कोणत्या ओळीवर त्याचे बोट थांबले ते पाहा. आणि सही एकाच निर्णय घेणाऱ्याची घ्या. तीन संचालक असतील तर तिघांनी आधी आपसात ठरवावे, स्टुडिओत येऊन नव्हे.

नंतरची वर्षे नियमित कामांची गेली. काकाजींचे ते पान लॅमिनेट करून एडिटिंगच्या टेबलासमोर लावलेले आहे, लाल गोलासकट. प्लास्टिकखाली एका कोपऱ्यात रुईचा तंतू अडकलेला आहे, तो मी लॅमिनेट करणाऱ्याला काढू दिला नाही.