ताप असलेल्या बाळाला लस, ताप नसलेलं बाळ परत

लसीकरणाच्या दिवशी सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "डॉक्टर, याला जरा सर्दी आहे, आज लस नको ना द्यायला?" त्या दिवशी हे वाक्य अर्ध्या तासात दोनदा ऐकलं. दोन्ही बाळांची नाकं वाहत होती. एकाला ताप होता, त्याला लस दिली. दुसऱ्याला ताप नव्हता, त्याला दिली नाही.

पहिली मुलगी साडेचार महिन्यांची, वजन ६.४ किलो. कार्डावर दीड महिन्याचे डोस होते आणि त्यापुढे सगळं कोरं. अडीच महिन्यांची असताना आणली तेव्हा नाक वाहतंय म्हणून परत पाठवलं होतं, पुढच्या खेपेला खोकला आहे म्हणून. आजी वैतागून म्हणाल्या, "आज तर तापही आहे. म्हणजे पुन्हा परतच ना?"

काखेत थर्मामीटर लावला तर १००.९ फॅरेनहाइट. पण बाळाच्या अंगावर दोन थर, वर जाड दुपटं आणि डोक्याला कानटोपी. सगळं काढायला लावलं, आईला अंगावर पाजायला सांगितलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं. १००.२. गुंडाळलेल्या तान्ह्या बाळाचं अंग बाहेरच्या उबेनंही तापतं, म्हणून पहिल्याच आकड्यावर निर्णय घेऊ नये. मग तापाच्या औषधाचं विचारलं. सकाळी सहाला दिलं होतं आणि आता साडेअकरा वाजले होते, म्हणजे असर बराचसा उतरलेला. तासाभरापूर्वी दिलं असतं तर १००.२ या आकड्यावर मी इतका विसंबलो नसतो.

पण खरा निर्णय तापावर नव्हताच. बाळ शांत झाल्यावर झबलं वर केलं आणि पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, कारण तान्ह्या बाळांचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भराभर, मध्येच थांबून. रडणाऱ्या बाळाचे मोजण्यात तर अर्थच नाही. ४४ भरले. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात नव्हती, दूध नेहमीसारखं चाललं होतं आणि थर्मामीटरची पट्टी पकडायला हात पुढे येत होता.

ही साधी सर्दी. साध्या सर्दीत, सोबत थोडा ताप असला तरी, ठरलेली लस देतात. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच सांगणं आहे. लसीतून येणारे घटक इतके थोडे असतात की सर्दीच्या विषाणूशी झुंजणारं शरीर त्यांनाही आरामात तोंड देतं. १९९१ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात सर्दी असलेल्या मुलांमध्ये गोवराची लस कमी लागू पडलेली दिसली होती आणि त्यामुळे बरीच शंका निर्माण झाली. नंतरच्या अभ्यासांत मात्र तसा फरक आढळला नाही. उलट थांबण्याची किंमत या मुलीच्या कार्डावरच दिसत होती. डांग्या खोकला सर्वांत जिवावर बेततो तो पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्यातल्या साडेचार महिन्यांत तिला त्यावरच्या लसीचा एकच डोस मिळालेला. पहिल्या वर्षात बाळाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच, आणि प्रत्येक सर्दी आठवडा-दहा दिवस रेंगाळते. कोरड्या नाकाची वाट बघत बसलं तर तारीख सापडतच नाही.

"मग आता पहिल्यापासून सुरू करायचं का?" आईनं विचारलं. नाही. अंतर लांबलं तरी दिलेला डोस वाया जात नाही. दुसरा डोस त्या दिवशी दिला आणि तिसरा चार आठवड्यांनी ठरवला.

दुसरं बाळ साडेतीन महिन्यांचं. काखेतलं तापमान ९८.८. आई म्हणाली, "ताप अजिबात नाही, नुसती सर्दी आहे." पण बाळ दोन घोट पिऊन स्तन सोडत होतं, दम घेऊन पुन्हा पकडत होतं. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत जात होता. श्वास ६२. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१. ही सर्दी नाकातून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत उतरली होती.

अशा वेळी लस पुढे ढकलतो, ती लसीनं आजार बिघडेल म्हणून नव्हे. रात्री ताप चढला, बाळ मलूल झालं, तर सगळे म्हणणार लसीचा ताप आहे, उतरेल. आणि त्या समजुतीत बिघडणाऱ्या श्वासाकडे दुर्लक्ष होणार. बाळाला तिथूनच दाखल करायला पाठवलं. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर मी श्वास कितीही ठीक असला तरी त्याला साधी सर्दी म्हणत नाही. त्याची आधी तपासणी.)

पहिल्या मुलीच्या आईला निघताना औषधाचा डोस सांगायचा होता. तिनं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, दोन्ही पॅरासिटामॉलच्या. एक थेंबांची, १ मिलीत १०० मिलिग्रॅम. दुसरी सिरपची, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत २५. चौपट फरक. एका वेळचा डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला ६४ ते ९६. थेंबांतून ०.८ मिली किंवा सिरपमधून ३ मिली. सिरपचं माप लक्षात ठेवून ३ मिली थेंबांचं औषध पाजलं तर ३०० मिलिग्रॅम पोटात जातं. सिरप आजींच्या हाती परत दिलं आणि ड्रॉपरवर ०.८ च्या रेघेला पेनानं खूण केली. ताप येऊन बाळ किरकिरं झालं तरच द्यायचं, दोन डोसांत किमान सहा तास. ताप येण्याआधीच खबरदारी म्हणून पाजायचं नाही. २००९ च्या एका अभ्यासात तसं पाजलेल्या बाळांमध्ये बऱ्याच लसींची प्रतिपिंडं कमी तयार झालेली दिसली.

रात्री फोन आला, १०१.३ ताप. "हा सर्दीचा की लसीचा?" त्या क्षणी सांगता येत नाही. पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे तिला दिलेल्या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, ताप बहुधा पहिल्या चोवीस तासांत येतो आणि दोन दिवसांत जातो. त्यापुढे राहिला, दूध तुटलं किंवा श्वास ५० किंवा जास्त झाला तर लसीला दोष न देता बाळ घेऊन या, असं सांगितलं. मोजायचं कसं ते तिला दुपारीच दाखवलं होतं. फोनवरच मोजून तिनं ४६ सांगितले. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला, नाक पुढे आठवडाभर वाहत राहिलं.

दुसरं बाळ चार दिवसांनी घरी आलं. खोकला अजून होता आणि असा खोकला दोन-तीन आठवडे टिकू शकतो, म्हणून तो जायची वाट बघितली नाही. दूध पूर्ववत झालं, श्वास ४० वर आला, तेव्हा घरी आल्यावर आठवड्याभरातच डोस दिला.

पहिली मुलगी तिसऱ्या डोसला आली तेव्हा पुन्हा नाक वाहत होतं. कानटोपी मात्र नव्हती. मी घड्याळाकडे हात नेला तर आई म्हणाली, "बाहेर बसल्या बसल्या मोजलेत, ४२ आहेत." मी पुन्हा मोजले. ४३.