संबळाच्या तालावर पट्ट्या: उठणं जमलं, पडणं जमायला महिना गेला

लातूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचं कारणच नसतं, म्हणून हे काम हाती घेतलं. ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर चालणारा, आवाजाबरोबर पट्ट्या वर-खाली करणारा साधा व्हिज्युअलायझर, 24 पट्ट्या, बाकी काही नाही. चाचणीसाठी चित्रपटाचं गाणं न घेता औशाकडच्या गावी चुलत्यांच्या घरी झालेल्या गोंधळाचं मोबाईलवर केलेलं सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतलं. त्यात संबळाची दोन भांडी, तुणतुणं आणि झांज एवढंच आहे. स्टुडिओतल्या गाण्यात सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं, तिथं पट्टी चुकली तरी कळत नाही. इथं थाप पडली की पट्टी उठलीच पाहिजे, लपायला जागा नाही.

पहिली आवृत्ती अर्ध्या तासात झाली. `AnalyserNode` जोडला, `getByteFrequencyData` ने 0 ते 255 चे आकडे घेतले आणि पट्ट्या काढल्या. पट्ट्या छान डोलत होत्या. संबळ वाजवणारा शेजारचा दोस्त पाहून म्हणाला, "भाऊ, ह्या माझ्या हाताच्या मागून पळायल्यात." मला वाटलं, चिडवतोय. मग भाच्याच्या फोनवर तेच पान उघडलं तर तिथं पट्ट्या वेगळ्याच चालीनं पडत होत्या, जवळपास दुप्पट वेगानं. त्याच्या फोनचा पडदा सेकंदाला 120 वेळा ताजा होतो, माझ्या लॅपटॉपचा 60 वेळा. खरं दुखणं इथं सापडलं.

`smoothingTimeConstant` ची किंमत आपण काही लिहिलं नाही तर 0.8 असते. नावात टाइम असला तरी तिला वेळ कळत नाही. आपण नव्या फ्रेमला आकडे मागितले की जुन्या मोजमापाचे 80 टक्के आणि नव्याचे 20 टक्के घेऊन ती मिसळते. हे मिसळणं डेसिबलमध्ये बदलण्याच्या आधी होतं, त्यामुळे आवाज थांबल्यावर दर फ्रेमला पट्टी सुमारे 1.94 डेसिबल खाली येते. मूळ सेटिंगमध्ये पट्टीची पूर्ण उंची -100 ते -30, म्हणजे 70 डेसिबल. साठच्या पडद्यावर पूर्ण पडायला 0.6 सेकंद लागतो, एकशेवीसच्या पडद्यावर 0.3. भाच्याचा फोन खोटं बोलत नव्हता, तो फक्त दुप्पट वेळा विचारत होता.

दोस्ताची तक्रारही यातच होती. मिसळणी वर जाताना आणि खाली येताना सारखीच लागते. शांततेतून अचानक थाप पडली तर पहिल्या फ्रेमला तिचा 20 टक्केच भाग दिसतो, म्हणजे 14 डेसिबल कमी, पट्टीच्या उंचीचा पाचवा हिस्सा गायब. थाप दोनच फ्रेम टिकली तर 36 टक्क्यांपर्यंत पोचून ती संपते, तरी 9 डेसिबल कमीच. तुणतुण्याचा सलग सूर पूर्ण उंची गाठतो आणि संबळाची कडक थाप बुटकी राहते. कानाला मात्र नेमकं उलटं वाटत असतं.

म्हणून अंगभूत स्मूदिंग शून्यावर टाकलं आणि चढ-उतार स्वतःच्या हातात घेतला, तोही फ्रेममध्ये न मोजता सेकंदात:

```js
const dt = Math.min((now - last) / 1000, 0.05);
const tau = target > bar[i] ? 0.010 : 0.180;
bar[i] += (target - bar[i]) * (1 - Math.exp(-dt / tau));
```

`now` हा `requestAnimationFrame` देतो तोच वेळ, `target` ही पट्टीनं आत्ता गाठायची उंची. चढायला 10 मिलिसेकंद, उतरायला 180. 60 आणि 120 च्या पडद्यांवर चाल आता डोळ्याला एकच दिसते. `dt` ला 0.05 चं कुंपण यासाठी, की दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की मधला सगळा वेळ एकाच फ्रेममध्ये येतो आणि पट्ट्या दचकतात.

इथं एक संध्याकाळ वाया गेली, तीही सांगतो. `getByteFrequencyData` सोडून मी `getFloatFrequencyData` घेतलं, कारण मला खरे डेसिबल हवे होते. गाणं थांबवलं की पट्ट्या नाहीशा व्हायच्या आणि परत लावलं तरी यायच्या नाहीत. कुठं एरर नाही, काही नाही. पूर्ण शांततेत या फंक्शनमधून `-Infinity` येतं. ते वरच्या ओळीत शिरलं की पट्टीची किंमत `-Infinity`, पुढच्या फ्रेमला `NaN`, आणि `NaN` उंचीचा चौकोन कॅनव्हास मुकाट्यानं गाळून टाकतो. डेसिबलला आधी -80 ते -20 मध्ये बांधायचं, मग 0 ते 1 करायचं, मगच स्मूदिंग करायचं. क्रम चुकवू नका.

आता पट्ट्यांची वाटणी. 40 ते 12000 हर्ट्झ हा पट्टा 24 भागांत, दर पट्टी मागच्याच्या 1.268 पट, कारण कान हर्ट्झची बेरीज करत नाही, पटीत ऐकतो. कागदावर सुंदर दिसलं. पडद्यावर डावीकडून दुसरी पट्टी मेलेली. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती एकदाही हलली नाही. वहीत मांडून पाहिलं तेव्हा कळलं. अ‍ॅनालायझर आवाजाचे सारख्या रुंदीचे खाने करून दर खान्याचा एक आकडा देतो, तो खाना म्हणजे बिन. `fftSize`, म्हणजे एका वेळी मोजायची सॅम्पल, 2048 आणि सॅम्पल रेट 48000 असेल तर एका बिनची रुंदी 23.4 हर्ट्झ. बिन बसतात 46.9, 70.3, 93.8 अशा ठिकाणी. माझी दुसरी पट्टी होती 50.7 ते 64.3, आणि तिच्या वाट्याला एकही बिन नाही. उलट शेवटच्या पट्टीत शंभराच्या वर बिन. (तुमच्याकडे सॅम्पल रेट 44100 असेल तर हे आकडे सरकतील, `ctx.sampleRate` आधी छापून बघा.)

सोपा उपाय म्हणून `fftSize` थेट 8192 केला. बिन 5.9 हर्ट्झचे झाले, सगळ्या पट्ट्या जिवंत झाल्या आणि संबळ मेला. 8192 सॅम्पल म्हणजे 171 मिलिसेकंदांचा आवाज एकत्र मोजणं. शिवाय अ‍ॅनालायझर त्यावर ब्लॅकमन विंडो लावतो, ती दोन्ही कडांना जवळजवळ शून्य आणि मध्ये पूर्ण असते. आत्ता पडलेली थाप त्या खिडकीच्या कडेला असते, म्हणजे तिला वजनच नाही. ती मध्यावर सरकायला 85 मिलिसेकंद जातात, तेव्हा कुठं पट्टी वर. थाप छोटी असेल तर लांब खिडकीत तिचा जोरही पातळ होतो. आपण पट्टीचा चढ कितीही झटपट ठेवला तरी हा उशीर त्याच्या आधीच झालेला असतो, आणि कोडच्या कुठल्याच ओळीत तो दिसत नाही.

शेवटी दोन अ‍ॅनालायझर लावले. 250 हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांना 4096 चा, वरच्यांना 2048 चा. खालच्यांचा उशीर 43 मिलिसेकंद, वरच्यांचा 21. फरक साधारण एका फ्रेमचा, डोळ्याला लागत नाही. 4096 मध्ये दुसऱ्या पट्टीला 58.6 चा बिन मिळतो. तरी विंडोमुळे एकच सूर शेजारच्या दोन-तीन बिनमध्ये सांडतो, म्हणून डावीकडच्या तीन-चार पट्ट्या थोड्या एकमेकींच्या हातात हात घालूनच हलतात. ते मी सोडून दिलं. ज्याला तिथं खरंच वेगळेपणा हवा, त्यानं खालच्या पट्ट्या कमी कराव्यात.

एका पट्टीत अनेक बिन आले की सरासरी घ्यायची की मोठ्यात मोठा? मी मोठ्यात मोठा घेतो. झांजेचा एखादा तीक्ष्ण स्वर शंभर बिनच्या सरासरीत बुडून जातो. आणि वरच्या पट्ट्या एरवीही बुटक्याच राहतात, त्यांना दर सप्तकाला 3 डेसिबल चढती भर दिली. हा आकडा कानानं आणि डोळ्यानं ठरवलाय, त्यात शास्त्र शोधू नका.

मग फॉल-ऑफ, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. घातांकी उतार, वर दिलाय तोच, शिखरावरूनच सगळ्यात जोरात निघतो. थाप किती मोठी होती ते डोळ्याला टिपायच्या आत पट्टी निसटते आणि मग तळाशी शेपूट रेंगाळत बसतं. म्हणून गुरुत्वाकर्षण लावून पाहिलं, पट्टी वरून सोडलेल्या दगडासारखी पडेल असं:

```js
h = peak - 0.5 * g * t * t;   // t: शिखरापासून गेलेले सेकंद
```

`g` 8 ठेवला की पूर्ण पडायला अर्धा सेकंद. एकेका थापेवर फार देखणं दिसलं. पण गोंधळ रंगात आला की दोस्त सेकंदाला आठ थापा सहज मारतो, म्हणजे दोन थापांमध्ये 125 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दगड पडतो फक्त 6 टक्के. आठही थापा मिळून एकच उंच भिंत. थापा सुट्या दिसायला निदान 30 टक्के तरी पडायला हवं, त्यासाठी `g` 38 लागतो, आणि मग सावकाश थापेलाही पट्टी धाडकन कोसळते. घातांकी उतार मात्र 180 मिलिसेकंदांना, खाली दुसरा आवाज नसेल तर, तेवढ्याच वेळात अर्ध्यावर येतो.

तोड अशी काढली, की पट्टीला घातांकी उतारच ठेवला, आणि तिच्या डोक्यावर एक बारीक टोपी दिली. टोपी शिखरावर 0.3 सेकंद थांबते, मग `g` 8 नं पडते. पट्टी ताल दाखवते, टोपी उंची लक्षात ठेवते. एकाच रेषेकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट सोडला तेव्हा जमलं.

हे नीट झालं की नाही ते पाहायला गाणं पुरत नाही. मी दोन चाचण्या ठेवल्यात. एक, `OscillatorNode` चा 220 हर्ट्झचा सूर, 100 मिलिसेकंद चालू आणि 900 बंद. भाच्याच्या फोनच्या स्लो मोशनमध्ये लॅपटॉपचा पडदा टिपला की सूर सुरू झाल्यापासून पट्टी उठेपर्यंतच्या फ्रेम मोजता येतात. दुसरी, 40 पासून 12000 पर्यंत सावकाश चढणारा सूर. उंचवटा डावीकडून उजवीकडे अखंड सरकला पाहिजे. मध्ये कुठं खड्डा पडला तर तिथं बिन सुटलेला आहे.

परवा दोस्ताला परत बोलावलं. तो बसला, संबळ समोर घेतला, मी माइक लावला. मोठ्या भांड्यावर एक, लहानावर एक, मग दोन्ही एकदम. "आता हातासोबत हायत," म्हणाला. नंतर तेच रेकॉर्डिंग ब्लूटूथ स्पीकरवर लावलं आणि पट्ट्या थापेच्या आधी उठायला लागल्या. स्पीकरपर्यंत आवाज पोचायला वेळ लागतो, अ‍ॅनालायझरला तो लागत नाही. सध्या स्रोत आणि अ‍ॅनालायझर यांच्या मध्ये एक `DelayNode` टाकलाय, स्पीकरकडची वाट सरळच ठेवलीय, आणि उशीर एका सरकपट्टीनं हातानं जुळवतो. `ctx.outputLatency` वाचून तो आपोआप लावायचा प्रयत्न चालू आहे, पण माझ्या स्पीकरवर तो आकडा आणि डोळ्याला दिसणारा उशीर अजून जुळलेले नाहीत.