कपाटावरची डबी

गुहागर परिसरात मी फायबरची कनेक्शनं बघतो. वळवाच्या पावसात आमच्याकडे तक्रारींचा पूर येतो. वीज कडाडायला लागली की लोक घरातल्या सगळ्या पिना उपटून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. अशाच एका रात्रीनंतर सकाळी एका काकांचा फोन आला. "वायफाय जोडलेलं दाखवतंय, पण एक साइट उघडत नाही. तुमची लाइन गेली."

जाऊन बघतो तर आमच्या फायबरच्या डब्यावर PON चा हिरवा दिवा स्थिर, LOS चा लाल दिवा बंद. म्हणजे फायबर शाबूत. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ताही मिळालेला दिसत होता. आणि ओटीवर काकांची सून ऑफिसच्या लॅपटॉपवर खुशाल मीटिंगमध्ये होती, त्याच वायफायवर!

"मग हिचंच कसं चालतंय? माझ्या फोनवर तुम्ही काही ब्लॉक केलंय," काका म्हणाले.

त्यांच्या फोनवर क्रोम उघडलं. साइट नाहीच, खाली बारीक अक्षरांत `DNS_PROBE_FINISHED_BAD_CONFIG`. इथे माझा संशय लाइनवरून उठला. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण फोनला लागतो आकड्यांचा पत्ता. तो सांगणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस. तो गप्प बसला तर रस्ता मोकळा असूनही जायचं कुठे हेच फोनला कळत नाही. वायफायचं 'जोडलेलं' हे फोन आणि राउटर यांच्यापुरतं असतं, त्यात डीएनएसची हमी नसते.

फोनच्या वायफाय तपशिलात गेटवे 192.168.1.1, म्हणजे राउटर. डीएनएस मात्र 192.168.1.53. हा कोण? आम्ही तर असं काही लावलेलं नव्हतं. माझा लॅपटॉप त्याच वायफायला जोडून दोन आज्ञा दिल्या:

```
nslookup example.com 192.168.1.53
nslookup example.com 8.8.8.8
```

पहिलीला उत्तरच नाही, वेळ संपली. दुसरीला लगेच पत्ता मिळाला. सुनेच्या लॅपटॉपमध्ये ऑफिसवाल्यांनी डीएनएस हाताने 8.8.8.8 घालून ठेवलेला, म्हणून ती या भानगडीतून सुटली होती.

"काका, घरात कोणी आणखी काही यंत्र बसवलंय का?"

"नाही हो. हां, गणपतीत मुलगा आला होता, त्याने जाहिराती बंद करायला काहीतरी डबी ठेवलीय."

माजघरातल्या कपाटावर, धुळीत, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. रास्पबेरी पाय, त्यावर पाय-होल. घरातलं प्रत्येक यंत्र आधी हिला नाव विचारतं. जाहिरातवाल्यांची नावं ती गिळते, बाकीच्यांना खरा पत्ता देते. रात्री काकांनी तिचीही पिन काढली होती. सकाळी राउटर आणि आमचा डबा लावला, हिची आठवण कोणाला राहणार? पिन लावली, एक-दोन मिनिटांत डबी उठली आणि काकांच्या फोनवर बातम्या उघडल्या.

मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, दुसरा डीएनएस म्हणून राउटरमध्ये 8.8.8.8 टाकून द्या, म्हणजे डबी बंद पडली तरी चालेल." बहुतेकांना असंच वाटतं. पण दुसरा डीएनएस पहिला मेल्यावरच वापरला जाईल असा काही नियम नाही. बरीच यंत्रं दोघांपैकी कोणालाही विचारतात, आणि मग डबी चालू असतानाही जाहिराती गळतात. खरा पर्याय म्हणजे दुसरी तशीच डबी. नाहीतर डबी बिघडल्यावर राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर, जिथून तो प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीसाठी पत्ते वाटतो, डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता घालायचा आणि प्रत्येक फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करायचं. ते केलं नाही तर फोन मुदत संपेपर्यंत जुन्याच पत्त्याला चिकटून राहतो. शिवाय चालू डबीची पिन अशी उपटली तर तिचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, हेही त्याला सांगितलं. वीज चमकताना काका आधी ती रीतसर बंद करत बसतील, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही.

निघताना काकांनी जुनं गाऱ्हाणं काढलं. "इन्व्हर्टरवर राउटर चालू असतो, तरी लाइट गेली की नेट जातं. ते काय?"

डबीची पिन कुठे आहे ते बघितलं. फ्रीजशेजारच्या साध्या सॉकेटला. ती तिथून काढून इन्व्हर्टरच्या एक्स्टेंशन बोर्डवर, राउटर आणि आमच्या डब्याच्या शेजारी लावली. आता तिन्ही एकाच बोर्डावर आहेत. पाऊस आला की काकांनी भिंतीतून बोर्डाची एकच पिन काढायची, सकाळी तीच लावायची.