चौतीस हजार शब्द दुसऱ्यांदा

पोळ्याच्या आठवड्यात पुण्यातील एका अनुवादसंस्थेच्या समन्वयक बाईंची ईमेल आली. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात लागणाऱ्या यंत्रांच्या सहा इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत करायच्या होत्या. दुहेरी रोलरचे जिन, पूर्वस्वच्छता यंत्र, रुई साफ करणारे यंत्र, गाठी बांधणारा प्रेस आणि दोन पूरक यंत्रे अशी ती मालिका होती, आणि हंगामात कापूस यायला लागण्याआधी पुस्तिका कारखान्यांत पोहोचायला हव्या होत्या. वर्डच्या मोजणीने एकूण शब्द ९६,००० भरत होते. ईमेलमध्ये पुढे लिहिले होते, "मॅडम, यात निम्म्याहून जास्त मजकूर रिपीट आहे. आमच्या हिशेबाने ३४,००० शब्दांचे पैसे होतात. दर तुमचा नेहमीचा १ रुपया ६० पैसे आणि मुदत पंधरा दिवस. आज होकार कळवावा."

मी हिंगणघाट तालुक्यातील एका गावात बसून हे काम करते. आमच्या भागात जिनिंग काय असते हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे विषय ओळखीचा होता. प्रश्न फक्त त्या ३४,००० चा होता. मी होकार न कळवता मूळ फायली मागवल्या, आणि त्यांच्याकडे असलेली जुन्या मॉडेलची ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधीची वाक्ये आणि त्यांची भाषांतरे यांचा साठा, तीही मागितली. दुसऱ्याने केलेल्या मोजणीवर कोटेशन देऊ नये असे माझे मत आहे, कारण मोजणी करणाऱ्याने कोणते पर्याय चालू ठेवले आणि कोणते बंद, हे अहवालातील आकड्यांवरून सहसा कळत नाही.

फायली ओमेगाटी या अनुवादाच्या टूलमध्ये टाकल्यावर पहिली गोष्ट खटकली ती सेगमेंटांच्या, म्हणजे टूल मजकुराचे पाडते त्या वाक्याएवढ्या तुकड्यांच्या, लांबीची. पाच पुस्तिकांमध्ये एका सेगमेंटमागे सरासरी अकरा शब्द पडत होते, प्रेसच्या पुस्तिकेत मात्र जेमतेम पाच. फाईल उघडून पाहिली तेव्हा कारण कळले. ती पीडीएफवरून वर्डमध्ये आणलेली होती आणि प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटलेला होता. अशा फाईलमध्ये पुनरावृत्तीचा आकडा दोन्ही बाजूंनी चुकतो. तेच वाक्य दोन ठिकाणी वेगळ्या जागी तुटले, तर टूलला ते वेगळे वाटते. उलट, वाक्याचा अर्धा तुकडा दुसऱ्या वाक्याच्या अर्ध्या तुकड्याशी जुळला, की ती पुनरावृत्ती म्हणून धरली जाते. मराठीत हा घोळ आणखी वाढतो, कारण आपले क्रियापद शेवटी येते; इंग्रजी वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागातले क्रियापद मराठीत बहुधा दुसऱ्या ओळीत जाते, आणि तुटलेल्या तुकड्यांचे वेगवेगळे भाषांतर करताच येत नाही. मी मूळ वर्ड फाईल मागितली. ग्राहकाकडे ती होती, फक्त आजवर कुणी मागितली नव्हती.

स्वच्छ फायलींमधून सुट्या भागांच्या तक्त्यांतील नुसते क्रमांक आणि संकेत वेगळे काढल्यावर ९,००० शब्द गळले. उरलेल्या ८७,००० शब्दांचा तक्ता `project_stats_match.txt` मध्ये असा आला : नवे शब्द २९,०००, जुन्या मेमरीशी थोडेफार जुळणारे १८,०००, मेमरीशी तंतोतंत जुळणारे ६,०००, आणि पुस्तिकांमध्येच पुन्हा आलेले ३४,०००. पैशांसाठी संस्थेने धरलेला ३४,००० हा आकडा वेगळा. एकूण शब्द माझे आणि संस्थेचे सारखेच होते, पण त्यांच्या अहवालात नवे शब्द २१,००० दाखवले होते. मधले ८,००० कुठे गेले, हे बाईंना फोनवर विचारल्यावर उलगडले. त्यांच्या टूलमध्ये अजून भाषांतर न झालेल्या वाक्यांचे आपापसांतील साम्यही मोजण्याचा पर्याय चालू होता. पहिले वाक्य झाले की त्याच्यासारखे दुसरे सोपे जाईल, असे त्यात गृहीत असते. ते खोटे नाही, पण दोन्ही वाक्ये एकाच माणसाकडे, त्याच मेमरीत आली तरच खरे ठरते. माझ्या मोजणीत तो पर्याय नव्हता, म्हणून ते शब्द नव्यातच राहिले होते.

खरा वाद पुनरावृत्तीवर झाला. संस्थेचे म्हणणे होते, की तंतोतंत पुन्हा आलेल्या वाक्याचे पैसे मागायचे कारण काय, टूल ते आपोआप भरते. भरते हे खरेच आहे. पण ज्या सेगमेंटमध्ये एखादेच विशेषण किंवा एखादाच शब्द असतो, म्हणजे तक्त्यातील रकाने आणि नियंत्रण पॅनेलवरची बटणे, तेथे त्या विशेषणाचे रूप वरच्या नामाच्या लिंगावर ठरते, आणि टूलला वरचे नाम दिसत नाही. शिवाय आपोआप भरलेले प्रत्येक वाक्य चित्राखाली, तक्त्यात किंवा मथळ्यात नीट बसते आहे ना, हे डोळ्यांनी पाहावेच लागते. म्हणून मी पुनरावृत्तीला पूर्ण दराच्या वीस टक्के धरले. जुन्या मेमरीतील तंतोतंत जुळण्या मी त्याहून महाग, पन्नास टक्क्यांवर ठेवल्या. त्याचे कारण मेमरीच्या नमुन्यात सापडले. सुरक्षेच्या प्रकरणातील काही वाक्ये तपासली, तर 'यंत्र बंद असतानाच' ही अट दोन ठिकाणी गळालेली होती. मूळ इंग्रजी वाक्य जुळते म्हणून शंभर टक्के मॅच. पण मेमरीतील मराठी पूर्ण आहे की नाही, हे त्या टक्केवारीत कुठेच नसते. फिरत्या रोलरजवळ हात नेणारा माणूस तीच पुस्तिका वाचणार असेल, तर न तपासता ते वाक्य पुढे ढकलणे मला मान्य नव्हते.

थोडेफार जुळणाऱ्या १८,००० शब्दांचेही दर ठरवण्याआधी मी गावातल्या एका फिटर भावांना दोन पुस्तिकांची पाने शेजारी ठेवून दाखवली. ते दर हंगामात जिनिंगमध्ये काम करतात. ते हसून म्हणाले, "वयनी, कागद सारे सारखेच दिसते, पण पान्याचा जोर मशीन-मशीनचा येगळा रायते." पुस्तिकांतही नेमके तेच होते. बोल्ट आवळण्याच्या सूचनेचे वाक्य शब्दशः तेच, फक्त एका पुस्तिकेत ४५ न्यूटन-मीटर आणि दुसरीत ६० न्यूटन-मीटर. टूल अशा जोडीला जवळजवळ पूर्ण गुण देते आणि टायपिंगचे श्रम खरोखर नगण्य असतात. लक्ष मात्र पूर्ण द्यावे लागते, कारण आधीचा आकडा तसाच राहिला तर वाक्य व्याकरणाने निर्दोषच दिसते आणि पुढे कुणाच्याही वाचनात सापडत नाही. ही जुळणी मी निम्म्या दराने धरली. भावांनी जाता जाता रुई, सरकी, गाठ यांसारखे कारखान्यात बोलले जाणारे शब्दही सांगितले, ते मी शब्दसूचीसाठी टिपून ठेवले.

असा हिशेब मांडल्यावर नवे २९,०००, जुळणाऱ्यांचे ९,०००, जुन्या मेमरीचे ३,००० आणि पुनरावृत्तीचे ६,८०० असे मिळून ४७,८०० वेटेड शब्द, म्हणजे सवलत धरून मोजलेले शब्द, झाले. १ रुपया ६० पैसे दराने रक्कम आली ७६,४८० रुपये. ग्राहकाला एकच सरसकट दर हवा असल्यास ८७,००० शब्दांवर तो साधारण ८८ पैसे पडतो, हेही मी लिहिले. पण सरसकट दर याच फायलींपुरता, फाईल बदलली तर दर बदलेल, असे त्याखाली नमूद केले. पुढच्या पुस्तिकेत पुनरावृत्ती कमी असली आणि ग्राहकाने तोच ८८ पैशांचा दर दाखवला, तर अनुवादक बुडतो.

मुदतीसाठी मात्र मी वेटेड आकडा वापरला नाही, आणि पंधरा दिवसांचा घोळ तेथेच होता. संस्थेने पैशांसाठी धरलेल्या ३४,००० शब्दांना दिवसाच्या अडीच हजारांनी भागून चौदा दिवस काढले होते. पैशासाठी पुनरावृत्तीचा शब्द एक-पंचमांश मोजता येतो, कारण तो आपसातला व्यवहार आहे. पण तो वाचायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. मी टप्प्याटप्प्याने वेळ मांडला. नवे २९,००० शब्द, दिवसाला दोन हजारांच्या वेगाने, साडेचौदा दिवस. जुळणारे आणि मेमरीतले मिळून २४,००० शब्द तपासायला चार दिवस. पुनरावृत्तीवरून नजर फिरवायला तीन, शब्दसूचीला दोन, मांडणी झालेल्या पानांवरच्या शेवटच्या तपासणीला तीन. एकूण साडेसव्वीस, म्हणजे कामाचे सत्तावीस दिवस. आमच्याकडे वीज जाते तेव्हा केव्हा येईल याचा भरवसा नसतो, त्यासाठीचे अंतर मी दिवसाच्या दोन हजारांतच धरलेले असते. ते कोटेशनमध्ये वेगळे दाखवत नाही.

बाईंनी लगेच तोडगा सुचवला, की तिघांना दोन-दोन पुस्तिका वाटून देऊ. मी तशी वाटणी करून तीन वेगळे प्रोजेक्ट मोजून पाहिले. ३४,००० पैकी फक्त २२,००० पुनरावृत्ती शिल्लक राहिली. उरलेले १२,००० शब्द पुस्तिका वेगळ्या हातांत गेल्यामुळे नवे झाले. वीस टक्क्यांऐवजी पूर्ण दराने ते मोजले, तर खर्च १५,३६० रुपयांनी वाढत होता, आणि एकाच कारखान्यात लावलेल्या तीन यंत्रांवर एकाच धोक्याची सूचना तीन प्रकारच्या मराठीत आली असती, ते वेगळेच.

त्याऐवजी मी सर्व पुस्तिकांना समान असलेली सुरक्षा, उभारणी आणि वंगण ही प्रकरणे आधी घेण्याचे सुचवले. त्यांत सुमारे ७,००० नवे शब्द होते. ती आणि शब्दसूची ग्राहकाच्या अभियंत्याकडून मंजूर करून घ्यायची, आणि मग उरलेले काम त्या मंजूर मेमरीसह अमरावतीच्या एका सहकारी अनुवादकाबरोबर निम्मे-निम्मे वाटायचे. मंजुरीचे दोन दिवस धरून पहिला टप्पा आठ दिवसांचा, दुसरा नऊ दिवसांचा, शेवटची तपासणी तीन दिवसांची : कामाचे वीस दिवस. समान प्रकरणे आधीच झाल्यामुळे आमच्या दोघांमध्ये फुटणारी पुनरावृत्ती फारशी उरत नव्हती.

दोन दिवसांनी उत्तर आले. वीस दिवस मान्य झाले, कारण ग्राहकाला छपाईआधी तेवढी सवड होती. पुनरावृत्ती पंधरा टक्क्यांवर आणण्याचा आग्रह संस्थेने धरला आणि मी तो मान्य केला, कारण वेटेड शब्द ४६,१०० आणि रक्कम ७३,७६० रुपये इतकाच त्याचा परिणाम होता. जुन्या मेमरीचे पन्नास टक्के मात्र मी कमी केले नाहीत. नमुन्यातली ती दोन वाक्ये पाठवल्यावर त्यावर चर्चाही झाली नाही. कोटेशनच्या तळाशी अट होती, की मोजलेल्या फायलींच्या तारखेनंतर मूळ मजकूर बदलल्यास बदललेले सेगमेंट नव्याने मोजले जातील. दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर प्रेसच्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती आलीच. मी ती त्याच मेमरीवर पुन्हा मोजली, फरकाचा तक्ता त्याच दिवशी पाठवला, आणि बिलात त्या शब्दांची ओळ वेगळी लावली.