महिनाअखेरीचे उघडे जॉब आणि हरवलेले दहा तास

आमचं भोसरीतलं छोटं वर्कशॉप, पाच मशीन. ऑर्डरप्रमाणे फिक्श्चर आणि सुटे भाग बनतात, म्हणून प्रत्येक जॉबची कॉस्ट शीट वेगळी. वर्षाचा अंदाजित ओव्हरहेड, म्हणजे कुठल्याही एका जॉबवर थेट न पडणारा वर्कशॉपचा खर्च, 36 लाख आणि 12,000 मशीन तास, म्हणजे तासाला 300 रुपये. ऑपरेटरची मजुरी तासाला 150.

डिसेंबरअखेरीला पहिल्यांदाच अर्धवट कामाचं मूल्य मी एकटीने काढलं. 31 तारखेला संध्याकाळी उघड्या चार शीट घेऊन आधी शॉपवर फिरले. 207 नंबरच्या जॉबवर 58,000 पडले होते, पण तो कुठेच दिसेना. सुपरवायझर म्हणाले, "अहो मॅडम, ते कालच गेलं की गाडीतून." चलन निघालं होतं, शीट मात्र बंद झाली नव्हती. लेजरमध्येही ती रक्कम तशीच होती, त्यामुळे नुसत्या ताळ्यात ही चूक कधीच सापडली नसती. ती विकलेल्या मालाच्या खर्चात टाकली.

उरले तीन जॉब. 214 च्या फिक्श्चरला मटेरियल 42,000, 64 तासांची मजुरी 9,600 आणि ओव्हरहेड 19,200, एकूण 70,800. 219 ला मटेरियल 18,500 आणि 28 तासांचे 12,600, म्हणजे 31,100. 221 चं स्टील नुसतं इश्यू झालं होतं, एकही कट नाही. तास शून्य म्हणून ओव्हरहेडही शून्य, फक्त 26,000.

बेरीज आली 1,27,900. लेजर सांगत होतं 1,32,400. फरक 4,500.

मटेरियलच्या स्लिपा दोनदा तपासल्या, त्या बरोबर होत्या. मग 4,500 ला 450 ने भागलं, कारण एका तासाला मजुरी आणि ओव्हरहेड मिळून तेवढेच पडतात. उत्तर बरोब्बर 10 आलं, तेव्हा कळलं की पैसे नाही, तास हरवलेत. लेजरमध्ये मजुरी मस्टरवरून येते आणि ओव्हरहेड मशीनच्या लॉगबुकवरून. शीट भरते टाइम कार्डवरून. 31 च्या दुसऱ्या पाळीची दोन कार्डं, तेलाचे डाग पडलेली, सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये निघाली. 219 वर दोन मशीन पाच-पाच तास चालली होती. ते तास चढवल्यावर 219 झाला 35,600 आणि ताळा जुळला.

एक प्रश्न राहिला. स्पिंडल बिघडल्याने एक मशीन 100 तास बंद होतं. महिन्याचा प्रत्यक्ष ओव्हरहेड 3 लाख, जॉबवर चढला 900 तासांचा, 2,70,000. साहेबांना वाटलं, उरलेले 30,000 उघड्या जॉबवर वाटावेत. मी नाही म्हटलं. आमचा हा खर्च जवळजवळ सगळा स्थिर आहे, भाडं, घसारा, पगार. आणि मालसाठ्याच्या मूल्यांकनाचं लेखामानक एएस 2, त्याप्रमाणे स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवरच चढवायचा. बंद मशीनचा खर्च चढवला म्हणून फिक्श्चरची किंमत वाढत नाही. 30,000 त्या महिन्याच्या नफा-तोट्यात गेले आणि 214 शेवटपर्यंत 70,800 वरच राहिला.