‘शक्यतो’ हा शब्द काढायला 19 दिवस लागले

मी दुसरीच्या वर्गाची वर्गशिक्षिका आहे. पटावर 34 मुलं. वर्गातले वाढदिवस कसे साजरे करायचे याबद्दल पालकांना एक छोटा संदेश पाठवायचा होता. लिहायला एक संध्याकाळ लागली आणि पाठवायला तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. तुमच्या वर्गासाठी असा संदेश करायचा असेल तर निदान तुमचा तरी वेळ वाचेल.

मुळात हे डोक्यात आलं ते एका मुलीमुळे. तिच्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी वर्गातल्या एका मुलाने सगळ्यांना खाऊ आणि प्रत्येकी एक भेटवस्तूची पिशवी वाटली होती. त्याच्या घरच्यांनी हौसेने केलं, त्यांची काही चूक नाही. पण या मुलीच्या आईने मला संध्याकाळी फोन करून विचारलं, “मॅडम, कमीत कमी काय आणलं तर चालेल?” मी म्हटलं, काहीच आणू नका, तिला फक्त पाठवा. वाढदिवसाच्या दिवशी मुलगी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती पोट दुखत होतं असं सांगत. माझं तोंडी ‘काही आणू नका’ त्या आईला पुरलं नव्हतं. मी तिच्यावर दया करतेय असं तिला वाटलं असणार. नियम सगळ्यांना एकच असतो तेव्हा कुणाला ती दया वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मसुदा मी त्याच आठवड्यात केला. मुख्याध्यापिका बाईंनी वाचला, त्यांना आवडला, “कार्यालयातून सही-शिक्क्याने जाऊ दे” म्हणाल्या. आणि तिथे गाडी अडली.

माझं वाक्य होतं: ‘वर्गात वाटण्यासाठी खाऊ किंवा भेटवस्तू पाठवू नयेत.’ कार्यालयातून कागद परत आला तेव्हा ते झालं होतं: ‘खाऊ व भेटवस्तू शक्यतो टाळाव्यात. पाठवणे ऐच्छिक आहे.’ कारण काय, तर पालकांना आज्ञा केल्यासारखं वाटू नये.

मी समजावायला गेले. ‘ऐच्छिक’ म्हटलं की ज्याला परवडतं तो पाठवतो आणि ज्याला परवडत नाही त्याने पाठवलं नाही हे 34 मुलांना दिसतं. आजवर वर्गात सगळं ऐच्छिकच होतं. कुणीही कुणाला पाठवा म्हणून सांगितलं नव्हतं. तरीही दबाव तयार झाला, कारण आधीच्या मुलाने काय आणलं ते पुढचं मूल घरी जाऊन सांगतं. म्हणजे कार्यालयाची दुरुस्ती धरली तर संदेश पाठवूनही सगळं होतं तिथेच राहणार होतं. उलट ‘शक्यतो’ वाचून एखादी आई विचार करत बसणार की बाकीचे पाठवणार की नाही.

“बघतो, ठेवून जा” असं उत्तर मिळालं. मग सही करणारे रजेवर. मग कागद सापडेना, मी दुसरी प्रत दिली. दुसऱ्या प्रतीवर पुन्हा ‘शक्यतो’. त्या काळात वर्गात तीन वाढदिवस झाले. तिसऱ्याला खाऊचा डबा आला तेव्हा दुधाची ॲलर्जी असलेला माझा एक विद्यार्थी हात मागे घेऊन बसला होता, त्याला घरून तसंच शिकवलंय. डब्यातल्या पदार्थात काय काय आहे हे लिहिलेलं नव्हतं, आणणाऱ्या मुलाला माहीत नव्हतं, आणि मीही खात्रीने सांगू शकत नव्हते. अशा वेळी न देणं एवढंच हातात असतं. सगळे खात असताना त्याने बघत बसायचं.

हाच प्रसंग मी तारखेसह कागदाच्या मागे लिहिला आणि थेट बाईंच्या टेबलावर ठेवला. पैशाचा मुद्दा कार्यालयाला नाजूक वाटत होता. ॲलर्जीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्यांना लगेच समजला. एकोणिसाव्या दिवशी ‘शक्यतो’ आणि ‘ऐच्छिक’ दोन्ही गेले. मला खूप हलकं वाटलं. अभिमानही वाटला, तो लपवत नाही. तुम्ही सुरुवातच या मुद्द्यापासून करा, माझ्यासारखी शेवटी आठवू नका.

अखेर गेलेला संदेश असा होता:

‘नमस्कार पालकहो. या वर्षी वर्गातले सगळे वाढदिवस एकाच पद्धतीने साजरे होतील. शेवटच्या तासाची 15 मिनिटं वाढदिवसाच्या मुलाची. तो गोष्ट किंवा खेळ निवडेल, आणि सगळी मुलं मिळून त्याला एक शुभेच्छापत्र देतील, कागद-रंग वर्गातले. वर्गात वाटण्यासाठी खाऊ, भेटवस्तू किंवा शिक्षकांसाठी काहीही पाठवू नये. चुकून आलं तर ते न उघडता घरी जाताना परत दिलं जाईल. सुट्टीत वाढदिवस असलेल्या मुलांना त्याआधी एक दिवस मिळेल. आपल्या घरी वाढदिवस साजरा करत नसल्यास मला एकटीला कळवा. घरच्या समारंभाची निमंत्रणं वर्गात वाटू नयेत.’

एवढंच. माझा पहिला मसुदा याच्या तिप्पट होता, त्यात दातांपासून साखरेपर्यंत सगळी कारणं होती. ती काढली ते बरं झालं. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो: साखर नको तर बिनसाखरेचं आणू का, असं कुणीतरी विचारतंच.

‘खाऊऐवजी वर्गाच्या वाचनालयाला पुस्तक द्या’ हीसुद्धा एक ओळ होती. ती मीच खोडली. दोन-तीन मुलांनंतर पुस्तक किती मोठं, आत नाव कुणाचं, हे सुरू झालं असतं आणि न देणारं मूल पुन्हा उघडं पडलं असतं.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं: संदेश कुणाच्या वाढदिवसाच्या लगेच नंतर पाठवू नका. आमचा रखडल्यामुळे नेमका तिसऱ्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी गेला, आणि डबा पाठवणाऱ्या आईला तो आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं. मी तिला फोन करून मसुद्याची जुनी तारीख सांगितली, तेव्हा ती निवळली. शाळा सुरू होते त्या पहिल्या आठवड्यात पाठवला तर हे टळतं.

संदेशानंतरही एकदा डबा आलाच. आजीने दिला होता, तिच्यापर्यंत संदेश पोचला नव्हता. अशा वेळी मुलासमोर ‘नियम माहीत नाही का’ म्हणू नये. मी डबा कपाटात ठेवला, “घरी जाताना आठवण कर” म्हटलं आणि लगेच त्याला गोष्ट निवडायला लावली. सुटल्यावर डबा आजीच्या हातात दिला. त्यानंतर मी संदेश वाचून त्याचं रेकॉर्डिंगही पाठवलं, म्हणजे ज्यांना वाचणं जड जातं त्यांना ऐकता येईल.

ज्या मुलीपासून हे सुरू झालं तिचा दिवस मी नंतर भरून काढला, सुट्टीतल्या मुलांबरोबरच, म्हणजे वेगळं कारण सांगावं लागलं नाही. नव्या वर्षाचा कागद मी यंदा शाळा सुरू व्हायच्या महिनाभर आधीच सहीसाठी दिलाय. सोबत ॲलर्जीचा तो प्रसंगही जोडलाय, मुलाचं नाव न लिहिता.